‘अपविंड’ला मराठी शब्द कोणता, आणि ‘कृत्रिम विसरण’ खरोखर कृत्रिम आहे का?

भाषांतरकार:
अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या काही टिपणांचे मी मराठी करत आहे. विषय आहे प्रवाहाबरोबर वाहत जाणाऱ्या पदार्थाचे समीकरण, u_t + a u_x = 0, आणि ते संगणकावर सोडवण्याची सर्वांत साधी रीत. ‘ॲडव्हेक्शन’साठी मी ‘अभिवहन’ घेतले आहे व त्याबद्दल फारशी शंका नाही. अडचण पुढच्या दोन शब्दांची आहे. पहिला शब्द ‘अपविंड स्कीम’. ‘योजना’ म्हटले की सरकारी अनुदान डोळ्यांसमोर येते, म्हणून मी ‘पद्धत’ लिहितो, पण ‘अपविंड’चे काय करावे? दुसरा शब्द या पद्धतीमुळे उत्तरात शिरणाऱ्या पसरटपणाचा. मूळ टिपणात त्याला ‘आर्टिफिशियल डिफ्यूजन’ म्हटले आहे आणि मी ‘कृत्रिम विसरण’ असे लिहिले, तेव्हा मुद्रितशोधन करणाऱ्या बाईंनी समासात विचारले, “कृत्रिमपणे कोण काय विसरते आहे?”

खर्डेघाशी:
त्या बाईंचा प्रश्न वरवर गमतीचा वाटला तरी रास्त आहे. आपले ‘विसरणे’ हे क्रियापद ‘स्मृ’ धातूकडून प्राकृतातून घरंगळत आले आहे, आणि शास्त्रातले ‘विसरण’ हे ‘सृ’ धातूचे, म्हणजे ‘प्रसरण’, ‘अपसरण’ यांचे भावंड आहे. मराठीत दोन्ही रूपे एकसारखी झाल्यामुळे ‘विसरणाचा गुणांक’ हे शब्द शाळेत पदार्थविज्ञान न शिकलेला वाचक चुकीचेच वाचणार. तरीही पाठ्यपुस्तकांत रुळलेला शब्द केवळ एवढ्यासाठी टाकू नये असे माझे मत आहे. ‘अपविंड’साठी भूगोलातला ‘वाताभिमुख’ तयारच आहे. सह्याद्रीचा पश्चिम उतार वाताभिमुख, पूर्वेकडचा वातविमुख, हे प्रत्येकाने पाठ केलेले असते. मग ‘वाताभिमुख पद्धत’ म्हणायला काय हरकत आहे?

नदीकाठ:
मी पाटबंधाऱ्यांच्या कामातून निवृत्त झालेला माणूस आहे. आमच्याकडे वाऱ्याचा संबंध नाही, पाण्याचा आहे. प्रवाह जिकडून येतो त्या बाजूला आम्ही ‘ऊर्ध्व’ म्हणतो आणि जिकडे जातो तिला ‘निम्न’. ऊर्ध्व वर्धा, निम्न वर्धा ही प्रकल्पांची नावेच आहेत. तेव्हा ‘ऊर्ध्वबाजूची पद्धत’ म्हणा, वादच मिटला. पसरटपणाबद्दल सांगायचे तर, वेळेची पावले लहान घेतली की तो आपोआप कमी होतो. वेळेच्या पावलावर मर्यादा घालणारी सी. एफ. एल. अट सांगते ती हीच गोष्ट आहे: पाऊल जितके लहान तितके उत्तर बरे.

वातकुक्कुट:
नदीकाठ यांच्या दोन्ही विधानांत अर्धे तथ्य आहे आणि उरलेल्या अर्ध्यामुळे विद्यार्थ्यांची दिशाभूल होईल, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पद्धत अशी आहे. कालव्याची समान लांबीची घरे पाडायची आणि प्रत्येक घरातल्या पदार्थाचे प्रमाण पुढच्या क्षणी किती असेल ते, पाणी ज्या घरातून येते त्या शेजारच्या घराकडे पाहून ठरवायचे.

```
C = a*dt/dx
u_new[i] = u[i] - C*(u[i] - u[i-1])
```

येथे u म्हणजे घरातल्या पदार्थाचे प्रमाण, a पाण्याचा वेग, dt वेळेचे पाऊल, dx घराची लांबी, आणि C म्हणजे एका पावलात पाणी घराच्या लांबीचा कितवा भाग पुढे सरकते ते. दुसरी ओळ जरा हलवून मांडली तर नवे प्रमाण म्हणजे स्वतःच्या जुन्या प्रमाणाचा (1-C) हिस्सा आणि मागच्या घराच्या प्रमाणाचा C हिस्सा, एवढाच तिचा अर्थ निघतो. C शून्य ते एक यांच्या दरम्यान असेल तोवर ही सरळ वाटणी आहे, त्यामुळे उत्तर कधीही ऋण होत नाही आणि मूळ कमाल मूल्याच्या वरही जात नाही. C एकाच्या पुढे गेला की (1-C) ऋण होतो आणि वाटणीचा हिशेब बिघडतो. C एकाच्या पुढे जाऊ नये या सी. एफ. एल. अटीमागचे खरे कारण मात्र याहून साधे आहे: पाणी एका पावलात दीड घर ओलांडत असेल, तर जे पाणी येथे पोहोचले ते दोन घरे मागचे असू शकते, आणि सूत्राने त्या घराकडे पाहिलेलेच नसते. कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी यांनी 1928 मध्ये मांडलेला विचार हाच आहे.

आता एक उदाहरण घेऊ. पाण्याचा वेग सेकंदाला 0.5 मीटर आहे, घराची लांबी 100 मीटर आहे, आणि एकाच घरात रंग टाकून तो 10 किलोमीटर खाली जाईपर्यंत, म्हणजे 20,000 सेकंद, गणित चालवायचे आहे. वास्तविक या समीकरणानुसार रंग पसरायलाच नको, तो जसाच्या तसा एका घरात राहून पुढे सरकला पाहिजे. पाऊल 200 सेकंदांचे घेतले तर C बरोबर एक होतो, प्रत्येक पावलाला रंग एक पूर्ण घर सरकतो आणि उत्तर अचूक येते. पाऊल 100 सेकंदांचे घेतले तर C 0.5 होतो आणि प्रत्येक पावलाला निम्मा रंग मागे राहून निम्मा पुढे जातो. ही नाणेफेकच झाली. 200 फेकींनंतर रंग सरासरी 100 घरे पुढे गेलेला असतो, पण त्याचे प्रमाण विचलन √(200×0.5×0.5), म्हणजे सुमारे सात घरे किंवा 707 मीटर होते, आणि सर्वांत गडद घरातही मूळ रंगाचे साडेपाच टक्क्यांच्या आसपासच प्रमाण उरते. आता नदीकाठ म्हणतात तसे पाऊल आणखी लहान, 20 सेकंदांचे, घेऊन पाहू. C 0.1 होतो, पावले 1000 होतात, आणि प्रमाण विचलन कमी होण्याऐवजी सुमारे 949 मीटर होते. अधिक वेळ खर्च करून अधिक पसरट उत्तर मिळाले.

नाणेफेकीच्या याच हिशेबातून पसरण्याचा गुणांकही हाती येतो: a·dx·(1-C)/2. 100 सेकंदांच्या पावलाला तो 12.5 चौरस मीटर प्रति सेकंद होता, 20 सेकंदांच्या पावलाला 22.5. पाऊल कितीही लहान केले तरी तो 25 च्या वर जात नाही हे खरे, पण तो घटवायचा असेल तर घर लहान करावे लागते. तेही स्वस्त नाही, कारण पसारा निम्म्यावर आणायला घर चौथाईवर आणावे लागते, आणि तेवढ्याच प्रमाणात पाऊलही आखडावे लागत असल्याने काम सोळापट होते.

नदीकाठ:
हिशेब पुन्हा मांडून पाहिला, तो पटला. यावरून एक जुनी गोष्ट आठवली व तिचा उलगडाही आज झाला. एका कार्यालयात आम्ही कालव्यात रंग सोडून मोजणी केली होती आणि 200 मीटरच्या घरांवर संगणकीय गणित जुळवले होते. वेग सेकंदाला 0.6 मीटरच्या आसपास होता. मोजणीशी मेळ बसवताना पाण्याचा स्वतःचा पसरण्याचा गुणांक जवळजवळ शून्य ठेवावा लागला, तरी आलेख सुरेख जुळला म्हणून सर्व खूश होते. पुढे एका तरुण सहकाऱ्याने तेच गणित 50 मीटरच्या घरांवर चालवले, तर रंगाचा पट्टा मोजणीपेक्षा बराच अरुंद आणि शिखर बरेच उंच आले. आम्ही त्यालाच चूक ठरवले होते.

वातकुक्कुट:
C अर्धा धरला तर 200 मीटरच्या घरांवर तो गुणांक 30 येतो आणि 50 मीटरच्या घरांवर 7.5. म्हणजे कालव्यात खरोखर होणारे पसरणे तुमच्या गणितात पाण्याने केलेच नव्हते, ते घरांच्या लांबीने केले होते, आणि लांबी बदलताच ते नाहीसे झाले. ओळखण्याची रीतही हीच आहे: घरांची लांबी बदलून पाहावी. पट्ट्याची रुंदी तिच्याबरोबर बदलली, तर ती रुंदी निसर्गाची नाही.

खर्डेघाशी:
तर मग शब्दाच्या दृष्टीने ‘कृत्रिम’ येथे बसतच नाही. कृत्रिम म्हणजे कोणीतरी मुद्दाम केलेले: कृत्रिम पाऊस, कृत्रिम रेतन. हे पसरणे तर कोणाच्या मनात नसताना घडते.

वातकुक्कुट:
हा भेद शास्त्रातही आहे. 1950 मध्ये फॉन नॉयमन आणि रिक्टमायर यांनी आघातलहरींच्या गणितात श्यानतेसारखी एक राशी समजून-उमजून घातली, जेणेकरून लहरीची तीक्ष्ण कड काही घरांवर पसरून हाताळता यावी. तिला कृत्रिम श्यानता म्हणणे शंभर टक्के योग्य आहे. अपविंडचे पसरणे मात्र सूत्राच्या पोटातून येते, त्याला मी ‘संख्यात्मक विसरण’ म्हणेन. अर्थात ‘कृत्रिम’ वापरणाऱ्यांचीही बाजू आहे. अपविंड सूत्र म्हणजे मधल्या घराच्या दोन्ही बाजूंकडे सारखे पाहणारे सूत्र अधिक ठरावीक प्रमाणात घातलेले विसरण, असेही लिहिता येते. ते दुतर्फा पाहणारे सूत्र, पुढचा क्षण थेट काढण्याच्या या रीतीत, C कितीही लहान ठेवला तरी अखेर फुटते. म्हणून सी. एफ. एल. अट आवश्यक आहे, पुरेशी नाही, हेही टिपणात स्पष्ट लिहावे.

भाषांतरकार:
‘संख्यात्मक विसरण’ स्वीकारतो आणि ‘कृत्रिम’ फक्त मुद्दाम घातलेल्या श्यानतेसाठी राखून ठेवतो. अपविंडसाठी ‘ऊर्ध्वबाजू’कडे माझा कल झुकतो आहे, कारण उदाहरणे बहुतेक पाण्याची आहेत.

वातकुक्कुट:
त्यावर एक हरकत आहे. धरणाची ऊर्ध्वबाजू कायम तीच असते. खाडीत भरतीला पाणी आत येते आणि ओहोटीला बाहेर जाते, म्हणजे a चे चिन्ह दिवसातून अनेकदा पालटते, आणि त्याबरोबर सूत्राला u[i-1] सोडून u[i+1] कडे पाहावे लागते. बाजू पक्की धरून बसलात तर ओहोटीच्या वेळी C उणे 0.5 असताना घरागणिक वरखाली होणारी चूक प्रत्येक पावलाला दुप्पट होते आणि दहा पावलांत हजारपट. ‘ऊर्ध्व’ शब्दाने हीच गफलत मनात रुजते.

नदीकाठ:
मग ‘आवकबाजू’ म्हणा. धरणात पाण्याची आवक असतेच, आणि आवक जिकडून होईल ती बाजू त्या क्षणापुरती आवकबाजू.

खर्डेघाशी:
अर्थाने चोख आहे, पण ‘आवकबाजूची पद्धत’ म्हटले की मला बाजार समितीतला कांदा दिसतो. ‘वाताभिमुख’ अजूनही माझा पहिला पर्याय आहे. वारा फिरला की अभिमुखताही फिरते, आणि तुम्हाला हवे ते त्यात आहे.

भाषांतरकार:
खाडीत वारा एकीकडे आणि पाणी दुसरीकडे असू शकते, तेव्हा तेथे ‘वाताभिमुख’ वाचून विद्यार्थी वाऱ्याची दिशा शोधू लागेल. तूर्त टिपणात ‘अपविंड’ असेच ठेवून पहिल्या वापराच्या वेळी “प्रवाह ज्या बाजूने येत असेल त्या बाजूच्या घराकडे पाहणारी” असे एक वाक्य घालतो. ‘प्रवाहाभिमुख’ चालेल का, याचाही विचार करत आहे.