मदत हवी आहे: r = 4 sin 3θ च्या एका पाकळीचं क्षेत्रफळ दुप्पट का येतंय?

मधली_सुट्टी

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, एम-टू चालू आहे. गणित साधंच आहे: r = 4 sin 3θ या गुलाबवक्राच्या एका पाकळीचं क्षेत्रफळ काढा. पुस्तकामागे उत्तर 4π/3 दिलंय. माझं येतंय 8π/3, म्हणजे बरोब्बर दुप्पट.

n = 3 विषम, म्हणून पाकळ्या तीन. पूर्ण फेरी 0 ते 2π. म्हणून आधी अख्ख्या फुलाचं क्षेत्रफळ काढलं आणि तीनने भागलं:

```
½ ∫ (0 ते 2π) 16 sin² 3θ dθ
= ∫ (0 ते 2π) 4(1 − cos 6θ) dθ
= 8π
8π ÷ 3 = 8π/3
```

इंटिग्रेशन तपासलंय, त्यात चूक नाही. वर्गात विचारलं तर "लिमिट्स 0 ते π/3 घे" एवढंच उत्तर मिळालं. ते घेतलं की 4π/3 येतं, मान्य. पण अख्खं फूल काढून तीनने भागलं तर काय बिघडतं, ते कोणी सांगेल का?

निखिल_मेक

गुलाबवक्राला पूर्ण फेरी घ्यायच्या भानगडीत पडायचंच नाही. r शून्यावरून निघतो, वाढतो, परत शून्यावर येतो, तेवढी एक पाकळी. sin 3θ = 0 म्हणजे θ = 0 आणि π/3. हवं तर 0 ते π/6 घेऊन दुप्पट कर. पेपरात हेच लिही, पूर्ण मार्क.

तुझ्या पद्धतीत गडबड अशी की 60 ते 120 अंशांत r ऋण होतो. ऋण r चं क्षेत्रफळ वजा जातं. मॉड्युलस लावलास तरच बरोबर येईल.

मधली_सुट्टी

पण वजा जात असेल तर माझं उत्तर कमी यायला हवं ना? ते तर जास्त येतंय.

निवृत्त_मास्तर

शंका अगदी योग्य आहे. निखिल, तुझ्या लिमिट्स बरोबर, कारण चुकलं. सूत्रात r नाही, r² आहे. r ऋण असो वा धन, r² धनच. त्यामुळे वजा काहीच जात नाही, मॉड्युलस लावून काही फरक पडत नाही, आणि नेमकं म्हणूनच उत्तर दुप्पट येतं.

आता बाळ, कागद घे आणि दोनच बिंदू काढ. आधी θ = 90°. 3θ = 270°, sin = −1, म्हणून r = −4. तोंड वर करून उभं राहायचं आणि चार एकक मागे सरकायचं. पोचलीस कुठे? मूळबिंदूच्या खाली, (0, −4) वर. आता θ = 270°. 3θ = 810°, त्यातून 720° गेले, उरले 90°. sin = 1, r = +4. या वेळी तोंडच खाली आहे आणि चार एकक पुढे जायचंय. पोचलीस तिथेच, (0, −4) वर.

म्हणजे खालची पाकळी θ 60° ते 120° असताना ऋण r ने एकदा काढली गेली, आणि 240° ते 300° असताना धन r ने तिच्यावरूनच पेन्सिल पुन्हा फिरली. बाकीच्या दोघींचंही तेच. सगळं फूल 0 ते π मध्येच पुरं होतं. π ते 2π ही नुसती गिरवणी. तुझे 8π हे दोन फुलांचे आहेत, एकाचे 4π. त्याला तीनने भाग, 4π/3 येईल.

वर्गात कर्व्ह ट्रेसिंग करताना प्रत्येक चरणाचे n भाग करायला सांगतात ना? इथे 30 अंशांचे भाग पडतात. मग n विषम असेल तर दोन भागांत पाकळी काढायची, पुढचे दोन सोडायचे, असं करत जायचं. सोडलेले भाग म्हणजे जिथे r ऋण आहे ते. तिथे काही काढलं जात नाही असं मुलांना वाटतं. काढलं जातं, पण समोरच्या बाजूला.

n सम असेल तर ऋण r समोर जाऊन नवीन पाकळी काढतो, जुनी गिरवत नाही. म्हणून r = a sin 2θ ला चार पाकळ्या, आणि तिथे तुझी पद्धत, 0 ते 2π घेऊन चारने भागणं, बिनचूक चालते. पद्धत चूक नाही, फूल किती वेळा काढलं जातंय ते पाहायला हवं होतं.

एक पडताळा सांगतो, परीक्षेत उपयोगी पडेल. ही पाकळी 4 त्रिज्येच्या 60 अंशांच्या वर्तुळपाकळीच्या आत बसते. त्या वर्तुळपाकळीचं क्षेत्रफळ ½ × 16 × π/3 = 8π/3. तुझं उत्तर हेच होतं! टोकाकडे गोल आणि मुळाशी निमुळती असलेली पाकळी ती अख्खी भरून टाकेल हे शक्य नाही. ती नेहमी बरोब्बर अर्धी भरते, कारण sin² ची सरासरी ½ असते. म्हणून r = a sin nθ किंवा r = a cos nθ च्या कुठल्याही पाकळीचं क्षेत्रफळ πa²/4n.

मधली_सुट्टी

काका, गिरवणी लगेच पटली. 0 ते π घेऊन तीनने भागूनही करून पाहिलं, 4π/3. धन्यवाद!

घरगुती_हस्तकला

मला गणितातलं फार कळत नाही, पण हीच तीन पाकळ्यांची आकृती मी फेल्टच्या रांगोळी मॅटसाठी वापरते. पाकळी मूळबिंदूपासून टोकापर्यंत 4 इंच. प्रत्येक पाकळीच्या कडेने मोत्याची लेस लावायची आहे. वरच्या सूत्राने एका पाकळीला 4π/3 म्हणजे 4.19 इंच लेस लागेल असं धरू का? थोडी कमी वाटतेय.

निखिल_मेक

ताई, 4.19 हे चौरस इंच आहेत, फेल्ट किती लागेल त्याचं माप. लेससाठी कडेची लांबी हवी. नुसतं टोकापर्यंत जाऊन परत आलात तरी 8 इंच होतात!

निवृत्त_मास्तर

बरोबर. लांबीचं सूत्र वेगळं आहे आणि इथे ते सरळ सुटत नाही, लंबवर्तुळाच्या परिघासारखंच अडतं. किंबहुना तिन्ही पाकळ्यांची मिळून कड ही 6 आणि 2 अर्धअक्षांच्या लंबवर्तुळाच्या परिघाएवढी भरते. आकडेमोड करून एका पाकळीला सुमारे 8.91 इंच, तिन्हींना 26.73 इंच, म्हणजे 68 सेंटिमीटर. शिवणीला थोडी जास्त धरा.

आणि ताई, टोकाशी वळण बरंच आवळ आहे, त्रिज्या 0.4 इंच, म्हणजे साधारण एक सेंटिमीटर. मोठ्या मण्यांची लेस तिथे उभी राहील. मुळाशी दोन्ही कडा 60 अंशांत भेटतात, तिथे लेस वळवू नका, कापा.

घरगुती_हस्तकला

टोकाला मोती उभे राहतात ही तर माझी नेहमीची रड आहे! बारीक मण्यांची आणते.

अवनी_डब्ल्यू

धागा थोडा बाजूला नेते. मी r = cos 2θ ला एका पाकळीसाठी 0 ते π/2 लिमिट्स घेतल्या. उत्तर π/8 आलं, पुस्तकातही π/8. तरी मार्क कापले. उत्तर बरोबर असताना कापायचं कारण काय?

निवृत्त_मास्तर

मीही कापले असते, पण एखादाच. cos 2θ ची उजवी पाकळी −45° ते 45° अशी आहे. तू 0 पासून निघालीस, म्हणजे तिचा वरचा अर्धा भाग घेतलास. 45° ला r शून्य झाला. पुढे 45° ते 90° मध्ये r ऋण, आणि 90° ला r = −1, म्हणजे (0, −1). तू खालच्या पाकळीचा अर्धा भाग उचललास. दोन वेगळ्या पाकळ्यांचे दोन अर्धे, आणि इथे सगळे अर्धे सारखे म्हणून बेरीज जुळली.

सगळ्या पाकळ्या सारख्या नसतील तिथे हे फसतं. r = 1 + 2 cos 3θ घे. त्यात तीन मोठ्या पाकळ्या आणि त्यांच्या पोटात तीन लहान. मोठीच्या लिमिट्स −40° ते 40°, क्षेत्रफळ सुमारे 2.96. लहानीच्या 40° ते 80°, क्षेत्रफळ सुमारे 0.18. मोठीचा अर्धा आणि लहानीचा अर्धा मिळवलास तर कुठल्याच पाकळीचं उत्तर येणार नाही. लिमिट्स लिहिल्यावर एवढंच बघायचं: दोन्ही टोकांना r शून्य हवा, आणि मध्ये कुठेही नको. तुझ्या लिमिट्समध्ये r टोकांना 1 आणि −1 होता, मधोमध शून्य.

अवनी_डब्ल्यू

ओके, मार्क सोडले. 😄 पण πa²/4n मध्ये n पूर्णांक नसेल तर? ग्राफिंग ॲपवर r = cos(3θ/2) टाकलं तर 2π पर्यंत फूल अर्धवटच राहतं, आणि पाकळ्या एकमेकींवर चढतात.

निवृत्त_मास्तर

4π पर्यंत जाऊ दे, सहा पाकळ्या होतील. 1720 च्या दशकात ग्विदो ग्रांदी या इटालियन गणितीने या वक्रांचा अभ्यास केला, त्याच कुळातली ही.

एका पाकळीचं सूत्र तसंच चालतं: −60° ते 60°, n = 3/2, उत्तर π/6. पण सहाने गुणून आलेला π म्हणजे फुलाने कागदावर व्यापलेली जागा नव्हे. पाकळी 120 अंश रुंद आणि मध्यरेषा 60-60 अंशांवर, म्हणून प्रत्येक दिशेला दोन थर पडतात. फक्त बाहेरची कड धरायची तर प्रत्येक पाकळीचा −30° ते 30° एवढाच भाग घे आणि सहाने गुण. π/2 + 1 येतं, सुमारे 2.57.

निखिल_मेक

मी n = 5/3 ला हेच लावून बघतोय. 3π पर्यंत पाच पाकळ्या मिळतात, मध्यरेषा 72-72 अंशांवर, पण एकेक पाकळी 108 अंश रुंद. म्हणजे काही दिशांना एकच थर आणि काही दिशांना दोन. बाहेरची कड −36° ते 36° घेऊन निघेल असं वाटतंय. पण n = p/q साठी फक्त एकच थर असलेल्या भागाचं क्षेत्रफळ सरसकट एका सूत्रात बसतं का? कोणी करून पाहिलंय?