"वाचनावर भाषण हवंय", एवढ्यावर लिहायचं का?

कानामात्रा: निरोप आलाय: "वाचनावर भाषण लिहून द्या, उद्या हवंय." प्रसंग, श्रोते, वेळ, बोलणारा कोण, काहीच कळवलेलं नाही. फोनही लागत नाही. माझं मत, अशा वेळी लिहूच नये. तुम्ही काय करता?

जुनीवही: मी लिहिते. तीन मिनिटं धरते. सावकाश बोललं तर मिनिटाला शंभरेक शब्द होतात, म्हणजे तीनशे शब्द. त्यातल्या एका परिच्छेदावर "वेळ असेल तरच" असं लिहून ठेवते. दहा मिनिटांचं दिलं आणि ऐन वेळी वेळ कमी पडला, तर बोलणारा नेमका शेवट गाळतो.

खरा घोळ "मी"ने होतो. "मी रोज वाचतो" लिहिलं की बोलणारा पुरुष ठरला. "मी रोज वाचते" लिहिलं तर बाई. म्हणून "मी हे पुस्तक वाचलं", "मला आठवतं" अशी वाक्यं घ्यायची, ती कुणाच्याही तोंडी बसतात. "हल्लीची मुलं वाचत नाहीत" हे तर लिहूच नये, बोलणारा सातवीतला असेल तर? सुरुवात नुसत्या "नमस्कार"ने. वर एक ओळ: "तीन मिनिटं आणि मिश्र श्रोते धरलेत, वेगळं असेल तर कळवा."

मोकळा_वेळ: एवढं कशाला? चार सुविचार घातले की कुठेही चालतं.

जुनीवही: चालतं, पण लक्षात राहत नाही. दमून आलेला माणूस झोपण्याआधी दोनच पानं वाचतो आणि खूण म्हणून बसचं तिकीट ठेवतो. हे चित्र शाळेतही चालेल, सभेतही. प्रसंग माहीत नाही म्हणून सगळंच गुळमुळीत करायची गरज नाही.

पायरी: पाठ कसं करायचं तेही सांगा ना, मी मध्येच विसरते.

कानामात्रा: तो वेगळा विषय आहे, पायरी. वेगळा धागा काढा, तिथे नक्की लिहीन.

उंबरठा: मला एकदा "सरांबद्दल चार शब्द" एवढंच सांगितलं होतं. मी निवृत्तीचं लिहिलं, "पुढच्या वाटचालीस शुभेच्छा" घालून. ती शोकसभा होती. बोलणाऱ्याने आदल्या रात्री वाचलं म्हणून निभावलं. तेव्हापासून माणसाबद्दल असेल तर विचारल्याशिवाय एक ओळ लिहीत नाही.

जुनीवही: हे पटलं. विषयावर असेल तर अंदाज चुकला तरी दुरुस्त करता येतो. माणसावर असेल तर "आहेत" की "होते", इथेच अडतं.

कानामात्रा: "मी"चं मान्य. पण वरची ती ओळ घाईत कोण वाचतं? कागद थेट बोलणाऱ्याच्या हातात जातो. मी उद्या सकाळी पुन्हा फोन लावणार, तोवर कोरा कागद.

जुनीवही: आणि सकाळीही लागला नाही तर?