मदत हवी आहे: आपोआप 'पास' होणाऱ्या प्रवेशिकांतून तपासणीसाठी नमुना कसा काढावा?

कथास्पर्धेच्या हजारो प्रवेशिकांना उचलेगिरीसाठी ० ते १ स्कोअर देतोय: अक्षरांचे एन-ग्रॅम, त्यावर लॉजिस्टिक रिग्रेशन. ०.२ च्या खाली थेट पास, वरच्या सगळ्या परीक्षकांकडे. यंत्राच्या भरवशावर कुणालाच बाद करत नाही.

अडचण अशी की माणसाचा निकाल फक्त संशयितांवर मिळतो. त्यावरच कॅलिब्रेशन केलं, पण पास झालेल्यांत किती निसटल्या ते त्यातून कळेना. शब्द बदलून उतरवलेली कथा ०.०८ लाही बसते. पासमधल्या ३०० यादृच्छिक निवडून तपासल्या, एकही सापडली नाही. म्हणजे ९५ टक्के खात्रीने प्रमाण १ टक्क्याच्या आत, एवढंच.

परीक्षक दोनच, त्यामुळे नमुना वाढवता येत नाही. ०.२ जवळच्या जास्त उचलून प्रत्येकीला निवडीच्या शक्यतेच्या व्यस्त वजन दिलं, तर तळातली एखादीच सापडून अंदाज उसळणार नाही ना? की स्कोअरचे थर पाडून प्रत्येकातून किमान ठरावीक घ्याव्यात?