गुहागर: एक खोली, दोन कुटुंबं. कॅलेंडर कोणी बघेल का?

मंजिरी:
मंडळी, पुन्हा गुहागरच्या साइटचंच. दादाच्या 'माडी' खोलीत २५ डिसेंबरच्या रात्री दोन कुटुंबं येऊन उभी राहिली. पुण्याच्या पाहुण्यांनी आपल्या साइटवरून थेट २४ ते २६ घेतली होती, कॅलेंडरात पडली २३ ते २५. २५ची रात्र मोकळी दिसली आणि कमिशनवाल्या प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यांना गेली. दादा-वहिनी ओटीवर झोपले. मी इथे न्यू जर्सीत दहादा बुकिंग करून पाहिलं, तारीख बरोबर पडते!

विवेक:
दिवाळीलाच सांगितलं होतं. प्लॅटफॉर्म तुझी .ics फाइल त्याच्या सवडीने वाचतो, मध्ये काही तास जातात. तेवढ्यात खोली गेली. सर्व्हर Asia/Kolkata वर ठेव, झालं.

शिरीष:
विवेकराव, उशिराचं खरं, पण उशिराने २४ची २३ होत नाही. सर्व्हर बदलूनही उपयोग नाही, गडबड पाहुण्याच्या फोनवरच होते. मंजिरीच्या कोडमध्ये हे आहे:

```
new Date(2025, 11, 24).toISOString()
// 2025-12-23T18:30:00.000Z
```

भारतात २४ची मध्यरात्र होते तेव्हा ग्रीनिचला २३ची संध्याकाळ असते. त्यातली पहिली दहा अक्षरं कापून साठवली की २३ पडली. न्यू जर्सीच्या मध्यरात्री ग्रीनिचला २४चीच पहाट, म्हणून तुला चूक कधी दिसायचीच नाही. क्रोमच्या Sensors मध्ये Mumbai निवडून बुकिंग करून बघ. तारखेला वेळ चिकटवूच नकोस, 2025-12-24 असा नुसता मजकूर साठव. आणि जुन्या नोंदी सरसकट एक दिवस पुढे ढकलू नकोस! भारतातून आलेल्या चुकल्यात, इकडून आलेल्या बरोबर आहेत.

सुलभाकाकू:
अगं, माझ्या बहिणीचं दिवेआगरला आहे. साइट म्हणजे चार फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅप नंबर. तारखा डायरीत पेन्सिलीने, वर खोडरबर. तुझ्या खोल्यांच्या पानांवर न्हाणीघराचा फोटो नाही, बायका आधी तेच विचारतात.

विवेक:
काकू, डायरीत लिहिलं तरी प्लॅटफॉर्मवरची तारीख कोण बंद करणार?

सुलभाकाकू:
ती प्लॅटफॉर्मवर नाहीच मुळी.

नितीन:
ही यादी मंडळाच्या कामासाठी आहे. संक्रांतीच्या हॉलचं डिपॉझिट कोण भरतंय?

मंजिरी:
नितीन, चेक कालच दिला.
शिरीषदादा, Mumbai लावलं आणि पहिल्याच फटक्यात २३! पुढच्या अकरा नोंदी आहेत. +91 नंबरवरून वेगळ्या काढायला गेले, तर दोघे इथलेच निघाले, सासऱ्यांचा नंबर दिलेला. आता दादा एकेकाला फोन करतोय. एक जण उचलत नाही. त्याची नोंद १३ ते १५ जानेवारी आहे, म्हणून सध्या १३ ते १६ अडवून ठेवलंय. काकू, न्हाणीघराचा फोटो मागवलाय.
विवेक, त्या मधल्या तासांचं काय करायचं? 'माडी' डिसेंबरात प्लॅटफॉर्मवर द्यायचीच नाही, असं दादा म्हणतो. मला पटत नाहीये, नोव्हेंबरपर्यंत थेट बुकिंग तीनच होती.