मदत हवी आहे: शाळेच्या फिल्ममधे क्लिपांचं क्रेडिट कसं द्यायचं?

मंडळी, आम्ही इंदूरचे, मुलगी आठवीत आहे, जलूदहून येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यावर तिने चार मिनिटांची फिल्म केलीये. घाटाचे शॉट मोबाईलवर घेतले, पण पंप आणि पाईपचे दोन क्लिप विकिमीडिया कॉमन्सवरून उतरवलेत, आणि तिने शेवटी फक्त "साभार: इंटरनेट" लिहिलं! हे चालणार नाही एवढं मला कळतं.

दोन्ही पानं परत उघडून बघितली. पहिल्या क्लिपवर CC BY 3.0 हे क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स आहे, म्हणजे निर्मात्याचं नाव, शीर्षक, मूळ पानाची लिंक, लायसन्सचं नाव नि लिंक, आणि आपण काय बदललं ते, एवढं हवं. मग शेवटच्या पाटीवर असं लिहिलंय:

"शीर्षक, निर्मात्याचं यूजरनेम, CC BY 3.0, क्रॉप करून वेग कमी केला"

लिंका लांबलचक आहेत, पडद्यावर कोण टाईप करणार, म्हणून त्या व्हिडिओच्या डिस्क्रिप्शनमधे द्यायच्या म्हणते. पण वर्गात पेनड्राइव्हवरून दाखवली तर डिस्क्रिप्शनच नाही ना, मग पाटीवरच घ्यायच्या का?

खरी अडचण दुसऱ्या क्लिपची, ती CC BY-SA 4.0 आहे, म्हणजे बदललेली कृतीही त्याच लायसन्सखाली द्यायची. तिच्यावर आम्ही संगीत आणि निवेदन चढवलंय, त्यामुळे बदललेली कृती झालीच. मग यूट्यूबवर टाकताना अख्खी फिल्म त्याच लायसन्सखाली द्यावी लागेल का? तिथे मला फक्त CC BY चा पर्याय दिसतो. आणि पार्श्वसंगीत दुसऱ्याचं आहे, ते आम्ही कसं देणार? का तो क्लिप काढून कुठलीच अट नसलेला CC0 वाला शोधू? कुणी केलं असेल तर सांगा, सोमवारी जमा करायचंय.