फ्लॅपर ड्रेस आणि उरेब गाऊन: फरक कंबरेचा की धाग्याचा?

शिलाईवेडी: वीसच्या दशकातला फ्लॅपर ड्रेस म्हणजे झालरी लावलेलं सरळ पोतं. ना कंबर, ना बेतणं. तीसच्या दशकात बायस कट, म्हणजे कापड तिरकं धरून कापायचा उरेब, शोधून काढला तेव्हा कुठे बाईचा आकार दिसायला लागला. घरी करायचा तर सरळ ड्रेसचाच पॅटर्न कापडावर ४५ अंशात फिरवून ठेवा, झालं काम.

उभा_धागा: शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसले. ते वाचून कोणी चांगलं क्रेप वाया घालवायला नको.

मादलेन व्हियोने पॅरिसमध्ये १९२० च्या सुमारालाच क्रेपचे चौकोन कोपऱ्यांवर लोंबते ठेवून ड्रेस करत होती. म्हणजे उरेबच. फ्लॅपरचा काठ गुडघ्याच्या जवळ आला तो १९२६-२७ मध्ये. तीसच्या दशकात उरेब सगळ्यांनी उचलला, एवढंच.

आता ‘पोतं’. संध्याकाळच्या ड्रेसवर मण्यांचं ओझं असायचं. जॉर्जेट चौकटीवर ताणून आधी भरायचे, शिवण नंतर. ते सगळं वजन खांद्यावरून उभ्या धाग्याने खाली उतरतं आणि तो धागा ते पेलतो. तेच कापड उरेब धरलं असतं तर मण्यांच्या भाराने ड्रेस लांब आणि अरुंद होत गेला असता. म्हणून ती सरळ नळी. कंबरही होती, फक्त नितंबांवर उतरवलेली, आणि पाऊल टाकता यावं म्हणून तिच्याखाली बाजूला चुण्या किंवा पाचर. आजच्या नकलांमध्ये नेमकं तेच गाळतात, मग बसलं की काठ मांडीवर.

पॅटर्न फिरवण्याबद्दल. अख्खा पुढचा भाग एकसंध उरेब कापला की घेरामुळे एका बाजूची शिवण उभ्या धाग्याकडे झुकते, दुसरी आडव्याकडे. दोन्ही धागे सारखे ताणत नाहीत, त्यामुळे गाऊन अंगावर पिळतो. गुडघ्यापाशी बाजूची शिवण पुढे आलेली दिसली की हेच झालंय समजा. उपाय म्हणजे मधोमध शिवण घ्यायची आणि दोन अर्धे भाग उलटसुलट दिशेने कापायचे, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच धागा येतो. कापड दुहेरी घडी करून नाही, एकेरी पसरून. खालचा थर कधी सरकला ते कळतही नाही.

कातरीबहाद्दर: बरोबर. पण झालरीचं बोलला नाहीत. वीसच्या दशकात झालर नव्हतीच! तो सगळा नंतरच्या नाटक-सिनेमावाल्यांचा उद्योग. कॉलेजच्या गॅदरिंगला ‘ट्वेंटीज थीम’ म्हणून जे लाल चकाकतं पॉलिएस्टर येतं ते बघून डोकं फिरतं. वर डोक्याला पट्टी आणि पीस. कोण सांगतं यांना हे?

उभा_धागा: ‘नव्हतीच’ म्हणू नका. रेशमी झालरीचे ड्रेस होते, व्हियोनेचेही आहेत. नव्हती ती खांद्यापासून काठापर्यंत थरावर थर चढवलेली मशीनची तयार झालर. तिची पट्टी कापडाला घट्ट धरून ठेवते, ताणू देत नाही. व्हियोनेने झालर सुटी सुटी लावली ती याचसाठी.

कातरीबहाद्दर: म्हणजे होती पण नव्हती. छान. गॅदरिंगवाल्यांनाही हेच सांगतो.

काठपदर: वाद चालू द्या, पण मला एक सांगा. आईची जॉर्जेटची साडी आहे, पन्हा ४४ इंच. त्यातून खांद्यापासून जमिनीपर्यंत एकसंध बायस गाऊन निघेल का? लांबी साडेपाच मीटर आहे, कापड भरपूर आहे.

शिलाईवेडी: साडेपाच मीटर आहे म्हटल्यावर आरामात. तिरकं ठेवायचं, बस.

उभा_धागा: लांबीचा इथे संबंध नाही, पन्ह्याचा आहे. ४४ इंच पन्ह्यात ४५ अंशावरची तिरकी रेघ साधारण ६२ इंच भरते. पण तुम्हाला रेघ नको, पट्टा हवा. पट्टा १५ इंच रुंद असेल तर त्याचे कोपरे कापडाबाहेर जातात आणि ६२ मधून १५ वजा होतात. उरले ४७. त्यातही पन्ह्यातून साडीचा काठ काढावाच लागेल, कारण तो ताणत नाही आणि जिथे येईल तिथे कापड आवळून धरेल. दोन्हीकडचा काढून ४० इंच पन्हा राहिला तर पट्टा जेमतेम ४१ इंचांचा. खांद्यापासून जमीन ५६-५८ इंच. एकसंध नाही निघणार. नितंबांवर इंग्रजी व्ही सारखा जोड घ्या, वरचा भाग वेगळा, घागरा वेगळा. तीसच्या दशकातल्या गाऊनवरच्या त्या तिरक्या शिवणी नुसती शोभा नव्हती, पन्हा पुरवायलाही त्या लागायच्या. व्हियोनेसाठी मुद्दाम जास्त पन्ह्याचं कापड विणलं जायचं, आपल्याला कोण विणून देणार!

आणि शिवणीला माया एक ते दीड इंच ठेवा. कापडाची कड कापल्यावर हलते, तिच्यावर विसंबून टीप घालू नका. शिवणीची रेघ धावदोऱ्याने आखून घ्या.

काठपदर: आईला विचारते आधी. काठ कापायचा म्हटल्यावर ती काय म्हणेल ते माहीतच आहे.

मणी_आणि_सुई: साडीची चर्चा पुरे, गाऊनच्या खालच्या काठाचं काय? सगळे सांगतात गाऊन दोन दिवस टांगून ठेवा, मग काठ दुमडा. हँगरवर टांगला तर खांदेच ताणतात आणि काठाचा हिशेब चुकतो. ज्या मापाची बाई त्या मापाच्या पुतळ्यावरच टांगला पाहिजे.

कातरीबहाद्दर: घरी पुतळा किती जणांकडे असतो हो? खांद्याच्या पट्ट्या पिनेने दोरीला लावा, काम होतं. शिवाय पॉलिएस्टर जॉर्जेट असेल तर टांगायची गरजच नाही, ते ताणतच नाही.

मणी_आणि_सुई: पॉलिएस्टर कमी ताणतं, ‘नाही’ नव्हे. उरेबमध्ये तंतू लांबत नाही, विणीचे चौकोन कलंडतात. वीण कोणत्याही तंतूची असो, ती कलंडणारच. उंच बाईच्या घागऱ्यात तर जास्त, कारण खालच्या कापडाचं वजन वाढतं.

कातरीबहाद्दर: कलंडू दे. एक दिवस टांगलं तरी पुरतं.

मणी_आणि_सुई: जाड साटीनला पुरणार नाही. आणि तुम्ही टीप साधी घालत असाल तर टांगून उपयोग शून्य, कापड खाली येतं आणि दोरा तिथेच अडतो. मग शिवण गोळा होते किंवा घालताना तटकन तुटते. अर्धा मिलिमीटर रुंदीची झिगझॅग घाला, किंवा हाताने सैल.

उभा_धागा: हे मात्र खरं. टांगायची वेळही शिवण झाल्यावरची, काठ आणि गळा सोडून. गळ्याला उभ्या धाग्याची बारीक पट्टी आधीच लावा, नाहीतर दोन दिवसांत गळाच खाली येईल. पुतळ्याचं मात्र पटत नाही. त्याची छाती तुमची नसते.

शिलाईवेडी: मी दोन ओळींची पोस्ट टाकली होती. बरं, ‘शोधून काढला’ मागे घेते. पण दिसायला फ्लॅपर पोतंच.

मणी_आणि_सुई: भरलेला जुना ड्रेस हँगरवर टांगून बघा, खांद्याचं जॉर्जेट फाटेल. म्हणून ते ड्रेस संग्रहालयांत आडवे ठेवतात. पोत्याचे एवढे लाड कोणी करत नाही.

कातरीबहाद्दर: आणि उरेब गाऊन? तोही आडवाच ठेवायचा ना? मग दोन दिवस टांगा म्हणून का भांडताय?

मणी_आणि_सुई: काठ दुमडेपर्यंत टांगायचा, दुमडल्यावर आडवा. इतकं अवघड आहे का ते?