मदत हवी आहे: ॲबस्ट्रॅक्ट ४१० शब्दांचा झालाय, २५० मध्ये कसा बसवू?

अनघा_बडोदा
पेपर परवा सबमिट करायचा आहे आणि ॲबस्ट्रॅक्ट ४१० शब्दांचा आहे, जर्नलची मर्यादा २५०. बॅकग्राउंड, मेथड्स, रिझल्ट्स, कन्क्लुजन असे चारही भाग केलेत. काय कापू ते सांगा. गाईड म्हणतात, "रिझल्ट्सला हात लावायचा नाही." लवकर सांगा प्लीज.

वाडीवाला
अनघाताई, माझ्या पीएचडीच्या सिनॉप्सिसला हाच त्रास झाला होता. सोपा उपाय सांगतो: विशेषणं काढा, कर्मणी वाक्यं कर्तरी करा. दोन पानांचं एक पान झालं होतं माझं. विषय मेकॅनिकलचा होता, पण भाषा ती भाषाच.

आकडेमोड
कशाचा पेपर, तेच लिहिलेलं नाही. रँडमाइज्ड ट्रायल आहे का? किती रुग्ण? प्रायमरी आऊटकम कोणता ठरला होता, आणि त्याचा निकाल काय आला? हे कळल्याशिवाय काय कापायचं ते सांगता येणार नाही.

अनघा_बडोदा
हो हो, ट्रायलच. लॅप कोलीनंतर पोर्टच्या जागी बुपिव्हाकेन टोचलं की सलाईन. १२० रुग्ण, ६०-६०. वेदना व्हीएएसवर २, ४, ६, १२, २४ तासांना. ॲबस्ट्रॅक्टमध्ये पाचही वेळांचे मीन, एसडी, पी व्हॅल्यू आहेत, शिवाय वय-वजनाची तुलना, नाडी, बीपी, ट्रामाडॉल. सगळंच महत्त्वाचं आहे.

भूलकाका
मी तीस वर्षं भूल देतोय. एवढं लांबण लावू नकोस. मेथड्स दोन ओळींत संपव, वाचणारा थेट निकालाकडे जातो. ज्या वेळी पी ०.०५ च्या खाली आला तेवढंच लिही, बाकी टेबलात.

आकडेमोड
काका, मेथड्स आखूड करा हे पटलं. दुसरं मात्र मुळीच नाही. पाच वेळा मोजून जी वेळ जिंकली तीच दाखवायची म्हटलं तर कुठलंही औषध गुणकारी ठरेल. अनघा, CTRI वर नोंदवताना प्रायमरी म्हणून कोणती वेळ लिहिली होतीस? तिथली नोंद कोणीही उघडून पाहू शकतो, रिव्ह्यूअर तर पाहतोच.

अनघा_बडोदा
६ तास. पण तिथे फरक आला नाही 😞 बुपिव्हाकेन ३.४ (एसडी १.६), सलाईन ३.८ (एसडी १.७), पी ०.१९. २ तासांना पी ०.०४ आहे, आणि २४ तासांत ट्रामाडॉल लागलेले १८ विरुद्ध ३०. म्हणून कन्क्लुजनमध्ये "बुपिव्हाकेन प्रभावी व सुरक्षित" लिहिलंय.

आकडेमोड
तुझी खरी अडचण इथे आहे, शब्दसंख्या तिच्यामागून येते. प्रायमरीवर फरक नाही आणि निष्कर्षात "प्रभावी", याला इंग्रजीत स्पिन म्हणतात. २०१० साली जामामध्ये अशा ७२ ट्रायल्स तपासल्या होत्या, सगळ्यांत प्रायमरी निकाल लक्षणीय नव्हता. निम्म्याहून जास्त ॲबस्ट्रॅक्टच्या निष्कर्षांत हाच प्रकार सापडला. बरेच डॉक्टर ॲबस्ट्रॅक्टपलीकडे वाचत नाहीत, म्हणून तिथली चूक थेट रुग्णापर्यंत जाते.

आणखी एक विचारतो. १२० रँडमाइज झाले, विश्लेषणात किती? आणि नमुनासंख्या काढताना किती फरक महत्त्वाचा धरला होता?

अनघा_बडोदा
११६. चौघांचं ऑपरेशन ओपन करावं लागलं, बुपिव्हाकेन गटात ३, सलाईनमध्ये १. फरक १ गुण धरला होता.

आकडेमोड
म्हणजे ५७ आणि ५९. रँडमाइज झालेल्यांना नंतर वगळलंय, तेव्हा "इंटेंशन टू ट्रीट" हा शब्द असेल तर आधी तो काढ. ६०-६० आणि ५७-५९ दोन्ही आकडे ॲबस्ट्रॅक्टमध्ये हवेत.

आता फरक काढू. ३.४ वजा ३.८ म्हणजे उणे ०.४. तुझ्या एसडीवरून ९५% सीआय येतो उणे १.० ते ०.२. ही एक जोडी पी ०.१९ पेक्षा कितीतरी जास्त सांगते. शून्य आत आहे, म्हणून फरक सिद्ध झाला नाही. आणि फायदा असलाच तर तो फार तर एक गुणाच्या आसपास, तुम्ही धरलेल्या मर्यादेच्या अगदी काठावर. नुसत्या पी व्हॅल्यूवरून वाचकाला हे कळलं नसतं.

रिझल्ट्सचा भाग मी असा लिहीन, इंग्रजी तू कर:

"१२० रुग्ण रँडमाइज झाले (६० व ६०), ५७ व ५९ रुग्णांचे विश्लेषण केले. ६ तासांचा सरासरी व्हीएएस ३.४ विरुद्ध ३.८ (फरक -०.४, ९५% सीआय -१.० ते ०.२). २४ तासांत ट्रामाडॉल लागलेले रुग्ण १८/५७ विरुद्ध ३०/५९ (दुय्यम आऊटकम; फरक १९ टक्के-गुण कमी; ९५% सीआय ३७ ते २ कमी)."

त्यानंतर दुष्परिणामांचं एक वाक्य, आकड्यांसकट. "सुरक्षित" हा शब्द आकड्यांशिवाय नको.

मीनल_मकरपुरा
आकडेमोड दादा, ट्रामाडॉल तरी कशाला ठेवायचं? दुय्यम आऊटकम किती होते ते तिने सांगितलंच नाही. सीआय २ पर्यंत येतोय, म्हणजे जेमतेम. आठ-दहा गोष्टी मोजल्या की एखादी अशी निघतेच.

आकडेमोड
शंका रास्त आहे. पण वेदनाशामक कमी लागणं रुग्णाच्या कामाचं आहे, आणि ते आधीच नोंदवलेलं असेल तर मी ठेवीन, "दुय्यम" हा शब्द पुढे लावून. नोंदवलेलं नसेल तर काढ.

भूलकाका
मला तरी ट्रामाडॉलच महत्त्वाचं वाटतं. व्हीएएस विचारताना रुग्ण अर्धवट गुंगीत असतो. पण प्रायमरी आधी बदलायला हवं होतं, नंतर नाही, हे मान्य.

वाडीवाला
मेडिकलच्या पेपरचं प्लॅगियरिझम किती टक्के चालतं? भाचीसाठी विचारतोय. ती पण बडोद्यातच आहे, दांडिया बाजारात राहते.

मीनल_मकरपुरा
दादा, त्यासाठी वेगळा धागा काढा ना. (दांडिया बाजारात आमचं आजोळ!)

अनघा_बडोदा
ट्रामाडॉल CTRI वर दुय्यममध्ये आहे, पाहिलं आत्ता. एकूण ६ दुय्यम आहेत. मग कापायचं काय, तेवढं सांगा ना कोणीतरी.

आकडेमोड
बाकीच्या चार वेळांचे आकडे, वय-वजनाची तुलना, नाडी-बीपी, सॉफ्टवेअरचं नाव, टी-टेस्ट कायस्क्वेअरची नावं, वगळण्याच्या अटींची यादी. हे सगळं मुख्य पेपरात राहतं. बॅकग्राउंड एका वाक्यावर आण, त्यातच उद्देश सांग.

मेथड्स मात्र काका म्हणतात तितकी कापू नकोस. कोणते रुग्ण, कुठे, औषधाचं प्रमाण आणि किती मिली, रँडमायझेशन कसं केलं आणि चिठ्ठी कोणाला दिसत नव्हती, आंधळं कोण होतं, प्रायमरी आऊटकम आणि त्याची वेळ. "डबल ब्लाइंड" न लिहिता रुग्ण आणि गुण नोंदवणारा, असं लिही. शेवटी CTRI क्रमांक आणि निधी. कॉन्सॉर्टची ॲबस्ट्रॅक्टसाठीची यादी २००८ सालची आहे, त्यात १७ मुद्दे आहेत, आणि ते २५० ते ३०० शब्दांत बसतात.

अनघा_बडोदा
२४६ शब्द झाले! कन्क्लुजन आता असं: "६ तासांच्या वेदनेत फरक दिसला नाही; ट्रामाडॉलची गरज कमी दिसली, पण हा दुय्यम निष्कर्ष असून पुष्टी हवी." गाईडना पाठवलं. ते म्हणतात, मग शीर्षकात तरी "ट्रामाडॉलची गरज कमी करते" टाक.

मीनल_मकरपुरा
ते तर निष्कर्षातून हाकललेलं मागच्या दाराने आत आणणं झालं.

आकडेमोड
शीर्षकात औषध, ऑपरेशन आणि "रँडमाइज्ड ट्रायल" हे शब्द पुरेत. गाईडना तो सीआय दाखव, आणि CTRI चं पान उघडून समोर ठेव. तरीही नाहीच ऐकलं तर इथे लिही, रिव्ह्यूअर काय म्हणेल ते मी आधीच लिहून देतो.